रेझ्युमे लिहून घेताना आधार-पॅन द्यायचं का?

"रेझ्युमे लिहून देणारी व्यक्ती आधार, पॅन आणि लिंक्डइनचा पासवर्ड मागतेय. देऊ का?"

अजिबात देऊ नका. मी हेच काम करते. मला जुना रेझ्युमे, हव्या त्या नोकरीची जाहिरात आणि फोनवर पाऊण तास एवढंच लागतं. खरं काम त्या फोनवरच होतं. एका स्टोअरकीपरने नुसतं "स्टॉक सांभाळला" असं लिहिलं होतं. वस्तू किती, मोजणी कधी, असं खोदून विचारल्यावर ओळ झाली: "१,२०० वस्तूंचा साठा, दरमहा प्रत्यक्ष मोजणी". विचारपूस न करता तासाभरात रेझ्युमे देणारा साचाच भरून देतो. मला मसुद्याला तीन दिवस लागतात. पत्त्यात फक्त शहर पुरे. लिंक्डइनसाठीचा मजकूर लिहिणाऱ्याकडून वर्डमध्ये घ्या आणि प्रोफाइलवर स्वतः पेस्ट करा.