वारंवार वीज जाणाऱ्या टॉवरवर व्हीआरएलए की लिथियम आयर्न फॉस्फेट?

प्रश्न : आमच्या साइटवर वीज दिवसातून अनेकदा जाते आणि व्हीआरएलए म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या लवकर बसतात. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी घ्यावी का?

उत्तर : होय, परंतु आधी एसी विजेचे डीसीत रूपांतर करून लोड चालवणाऱ्या आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या रेक्टिफायरची क्षमता तपासा.

४८ व्होल्टच्या साइटवर ३० अँपिअर लोड असून वीज तीन तास जाते आणि तीन तास येते, असे धरू. प्रत्येक खंडात ९० अँपिअर-तास खर्च होतात. ३०० अँपिअर-तासांच्या व्हीआरएलए बँकेला साधारणपणे दहा टक्के, म्हणजे ३० अँपिअरने चार्ज केले, तर तीन तासांत कागदावर तेवढेच परत मिळतात. प्रत्यक्षात मात्र शेवटच्या टप्प्यात करंट आपोआप घटत जातो आणि बँक कधीच पूर्ण भरत नाही. अपुऱ्या चार्जमुळे प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात. अशी बँक फ्लोटवर ५४ व्होल्ट दाखवून निर्धास्त करते, पण वीज जाताच अर्ध्या तासात ४६ वर येते.

एलएफपीला अर्धवट चार्जचा असा त्रास होत नाही. २०० अँपिअर-तासांची बँक सहसा १०० अँपिअर घेऊ शकते, त्यामुळे तीच तूट तासाभरात भरून निघते. मात्र त्यासाठी लोडसह १३० अँपिअरचा रेक्टिफायर लागतो; जुना ६० अँपिअरचाच ठेवल्यास चार्जिंगला ३० अँपिअरच उरतात आणि वेगाचा लाभ हातचा जातो. चार्जिंग व्होल्टेजही बॅटरी उत्पादकाच्या सूचनेनुसार बदलावे लागते, आणि शून्य अंशाखाली हीटरविना चार्जिंग करू नये.