मुलाने उलटा हात उचलला, शिक्षा त्यालाच झाली: आधीचं कसं मांडायचं

ताई, वर्गमित्र आधीपासून त्रास देत होता आणि तुमच्या मुलाने उलटा हात उचलल्यावर शिक्षा मात्र त्यालाच झाली, हे शाळेला अर्ज करून सांगायचं, तर अर्जाचं पहिलं वाक्य तुमच्या मुलाने काय केलं हेच असू द्या: "मंगळवारी मधल्या सुट्टीत त्याने वर्गमित्राला ढकललं, त्याच्या कोपराला खरचटलं." हे लपवलं तर पुढचं कुणी मनावर घेत नाही.

मग आधीच्या घटना तारखेनुसार लिहा. मुलाला आजच, शांतपणे, "मग काय झालं?" एवढंच विचारा. "तो रोज त्रास देतो ना?" असं विचारलंत तर मूल नुसतं हो म्हणतं. त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. तारीख आठवत नसेल तर "चाचणीच्या आठवड्यात" लिहा, अंदाजाने तारीख घालू नका. "डबा तीनदा फेकला" हे मुलाने सांगितलेलं, फाटलेलं दप्तर तुम्ही पाहिलेलं. दोन्ही वेगळं ठेवा. वर्गशिक्षिकांना पूर्वी पाठवलेला मेसेज किंवा डायरीतली नोंद सगळ्यात भक्कम, कारण ती भांडणाआधीची आहे. समोरच्या मुलाला "गुंड" म्हणू नका, फक्त कृती लिहा. इतर मुलांकडून जबान्या गोळा करू नका, ते काम शाळेचं. तिथे कोण होतं एवढं कळवा.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्या. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, आपल्या प्रतीवर पोच घेऊन. मागणी शिक्षा रद्द करण्याची नको. आधीच्या घटनांची चौकशी करून दोघांच्या वागण्याची नोंद व्हावी, अशी करा. शिक्षा मारहाणीची किंवा अपमानाची असेल तर मात्र वेगळी तक्रार द्या, शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने तिला मनाई आहे.