उधारीची कबुली: एकीवर स्कॅन केलेली सही, दुसरीवर डिजिटल

प्रश्न: भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका गिऱ्हाइकाकडे 7,40,000 रुपये अडकलेत. त्यांची फर्म प्रोप्रायटरी आहे. माल 12 मे 2022ला दिला, उधारी 30 दिवसांची. 3 एप्रिल 2024ला त्यांनी बाकी कबूल केल्याचं पत्र मेलने पाठवलं, खाली स्कॅन केलेली सही. 20 फेब्रुवारी 2025ला तसंच दुसरं पत्र आलं, त्यावर डिजिटल सही. आता नोटिशीच्या उत्तरात ते म्हणतात, पहिली सही कुणीतरी चिकटवली आणि दुसरी अकाउंटंटने डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरून केली, मला काही माहीत नाही. दोन्हींच्या प्रिंट माझ्या फायलीत आहेत. हे कोर्टात टिकेल का?

उत्तर: आधी तारखा बघू, कारण तुमचा दावा या दोन सह्यांवरच उभा आहे. उधारीची मुदत 11 जून 2022ला संपली, म्हणजे तीन वर्षांची दाव्याची मुदत 11 जून 2025ला संपून गेली. तुमच्या बाबतीत ती वाढते ती मुदत कायद्याच्या कलम 18मुळे: मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी आणि सही करून बाकी कबूल केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजायची. तुमची दोन्ही पत्रं जून 2025च्या आधीची आहेत. त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की ती ‘सही केलेली’ आहेत हे तुम्ही दाखवू शकता का.

डिजिटल सहीचं पत्र आधी घेतो. पीडीएफच्या कोपऱ्यात नाव आणि तारखेचा जो चौकोन दिसतो, ती सही नव्हे, ते नुसतं चित्र. खरी सही फाइलच्या पोटात असते. सही करताना संगणक मजकुरावरून हॅश नावाचा एक आकडा काढतो आणि टोकनमधल्या खासगी किल्लीने तो बांधून टाकतो. मजकुरातला एक आकडा बदलला तरी हॅश जुळत नाही. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात: सही झाल्यानंतर मजकूर बदललेला नाही, आणि ज्या माणसाच्या नावाने परवानाधारक संस्थेने प्रमाणपत्र दिलंय त्याचीच किल्ली वापरली गेली. टोकन कुणाच्या हातात होतं आणि पत्र त्यांनी वाचलं होतं का, हे मात्र ती सही सांगत नाही. तारखेचंही तसंच. स्वतंत्र टाइमस्टॅम्प घेतलेला नसेल, तर सहीची वेळ सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळातली असते आणि ते घड्याळ कुणीही मागेपुढे करू शकतो.

आता त्यांचा बचाव. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 86नुसार ‘सुरक्षित’ इलेक्ट्रॉनिक सही असेल, तर ती त्याच माणसाने सही करण्याच्या इराद्याने केली असं कोर्ट धरून चालतं. उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर येतं. पण सही ‘सुरक्षित’ ठरायला, ती करताना किल्ली फक्त सही करणाऱ्याच्या ताब्यात असावी लागते (माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 15). त्यांच्या वकिलाने नेमकं इथेच बोट ठेवलंय. टोकन अकाउंटंटकडे होतं असं साक्षीत ठरलं, तर ते गृहीतक डळमळेल आणि सही त्यांची असल्याचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 66खाली तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

पण हा बचाव दुधारी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 42 सांगतं की किल्लीचा ताबा सांभाळणं प्रमाणपत्रधारकाचं काम आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती लागली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं. उलटतपासणीत विचारायला हवं: तुम्ही कधी कळवलंत? प्रमाणपत्र रद्द करून घेतलंत? त्याच टोकनने नंतर जीएसटीची रिटर्न भरलीत का? शिवाय मुदत कायद्याचं कलम 18 स्वतःच म्हणतं की अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची सहीही चालते. टोकन आणि पिन दोन्ही अकाउंटंटला आपण होऊन दिली असतील, तर ‘त्याने केली’ या उत्तराने ते सुटत नाहीत. पुण्यात निम्मी टोकनं सीएच्या नाहीतर अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्येच असतात, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं.

स्कॅन केलेल्या सहीचं पत्र वेगळं. तिथे फाइलमध्ये बांधलेलं काहीच नसतं. ते चित्र कुणीही दुसऱ्या कागदावर नेऊ शकतो आणि नंतर मजकूर बदलला तरी चित्र तसंच राहतं. हस्ताक्षरतज्ज्ञाचाही फारसा उपयोग नाही, कारण पेनाचा दाब आणि शाईचा ओघ मूळ कागदावरच दिसतो. मात्र स्कॅन म्हणजे बाद, असं समजू नका. पत्र कुठून आलं, हा इथला खरा पुरावा. नेहमीच्या व्यवहारात त्यांनी वापरलेल्या मेल आयडीवरून ते आलं असेल आणि नंतरच्या मेलमध्ये त्यांनी त्याचा उल्लेख केला असेल, तर ती कबुली त्यांचीच ठरण्याची बरीच शक्यता आहे.

एक करून बघा. त्यांच्या जुन्या परचेस ऑर्डरवरच्या सह्या या पत्रावरच्या सहीशी ताडून पाहा. हाताने केलेली सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही. सगळीकडे तेच चित्र निघालं, तर चिकटवलेली आहे हे त्यांचं म्हणणं खरं. पण मग त्याच चित्राच्या ऑर्डरवर त्यांनी माल उतरवून घेतला आणि पैसेही दिले, हेसुद्धा खरं. म्हणजे चिकटवलेली सही हीच त्यांच्या ऑफिसची रीत होती, आणि आता तिच्यापासून हात झटकणं त्यांना जड जाईल.

तुमच्या प्रिंट मात्र बाजूला ठेवा. डिजिटल सही कागदावर उतरत नाही. प्रिंटमधल्या हिरव्या खुणेला काही किंमत नाही, कारण ती खूण फाइल उघडणारा प्रोग्राम त्या क्षणी तपासून दाखवतो. दोन पीडीएफ जोडल्या, लहान केल्या किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं, तरी सही निघून जाते. मेलबॉक्समधली मूळ मेल .eml रूपात उतरवून घ्या, जोडलेल्या फाइलला हात न लावता. हेडरमध्ये मेल सर्व्हरची वेळ असते. पत्र मागची तारीख टाकून बनवल्याचा आरोप झाला, तर तीच उपयोगी पडेल.

मग अॅक्रोबॅट रीडरमध्ये सिग्नेचर पॅनल उघडा. `Signature validity is unknown` दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरच्या भारताच्या नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र (`CCA India`) तुमच्या संगणकात विश्वासू म्हणून नोंदलेलं नाही. मजकूर बदलला असेल तर पॅनल ते वेगळं सांगतं, आणि तसं आलं तर आधी मला कळवा. शेवटी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइलचा हॅश काढून ठेवा:

```
certutil -hashfile patra2025.pdf SHA256
```

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात द्यायच्या, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4)च्या प्रमाणपत्रात हा आकडा लागतो. त्याचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणुकीच्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात 2020 साली जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम 65ब बाबत ठरवलं. ते नसल्यामुळे चांगले दावे अडकतात.

रक्कम तीन लाखांवर असल्यामुळे मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर वाणिज्य दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागेल. डिजिटल पत्र धरलं तर मुदत फेब्रुवारी 2028पर्यंत जाते, पण त्या भरवशावर थांबू नका. दावा 3 एप्रिल 2027च्या आत दाखल करा, आणि त्यात दोन्ही पत्रं स्वतंत्र कबुल्या म्हणून मांडा. म्हणजे टोकनच्या वादात दुसरं पत्र पडलंच, तरी पहिल्या पत्राच्या जोरावर दावा मुदतीत राहील.