क्लिप तोकडी पडली तर: संकलकाची उत्तरे

या महिन्यातही बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. शॉट अर्धा सेकंद कमी पडतो, काय करू? मी सगळीकडे २५ फ्रेमचा एक सेकंद धरला आहे.

क्लिप १२ फ्रेम कमी पडते. सगळ्यात सोपा उपाय? (गुहागर)

मूळ फाइल उघडा आणि क्लिपची कड ओढून बघा. कापताना दोन्ही टोकांना सोडलेलं चित्रण, म्हणजे हँडल, निम्म्या वेळा तिथेच शिल्लक असतं.

वेग ९० टक्के केला तर कुणाला कळत नाही म्हणतात. खरं का? (चिपळूण)

कोण म्हणतं? फ्रेममध्ये काय हलतंय ते बघितल्याशिवाय असं म्हणताच येत नाही. ९० टक्क्यांवर प्रत्येक नववी फ्रेम दोनदा दिसते, म्हणजे सेकंदाला दोन-तीन वेळा चित्र क्षणभर अडतं. कॅमेरा स्थिर आणि मागे माड असतील तर खपतं. कॅमेरा फिरत असेल तर तोच अडथळा धक्क्यासारखा जाणवतो. ढोल वाजवणाऱ्याचा हात तालाच्या मागे पडतो, तिथे हा उपाय नकोच. आवाज मात्र क्लिपपासून वेगळा काढून मूळ वेगातच ठेवा.

दुकानदार म्हणतो, जास्तीचे पैसे द्या, ऑप्टिकल फ्लोने कुठलीही क्लिप मऊ स्लो करून देतो. (सावंतवाडी)

पैसे देऊ नका. ती सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच असते. मधल्या फ्रेम ती अंदाजाने रचते, त्यामुळे हात चेहऱ्यावरून गेला की कडा वितळल्यासारख्या दिसतात. मऊ स्लो हवं असेल तर चित्रीकरणच ५० फ्रेमने करायला आधी सांगा.

हर्णैच्या बंदरातला शॉट ३ सेकंदांचा आहे, १३ फ्रेम कमी पडल्या. शेवट उलटा करून जोडला तर लाटा विचित्र दिसतात. (दापोली)

दिसणारच. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण कोकणातल्या निम्म्या व्हिडिओंत मला हीच चूक सापडते.

फुटलेली लाट परत जुळत नाही. उलट्या तुकड्यात पसरलेला फेस गोळा होतो आणि पाण्याची भिंत उभी राहते. धूर, पडणारं पाणी, चालणारा माणूस, होडीमागची रेघ यांचंही तेच. समुद्रावर वाढलेल्या माणसाला हे एका नजरेत कळतं. मी एकदा असा तुकडा जोडला होता. पहिल्याच दाखवण्यात मागे बसलेल्या एका मासेमाराने विचारलं, "ह्या पाण्याक काय झाला?" तेव्हापासून फुटती लाट मी उलटी केलेली नाही.

मग उलटं काय चालतं? जे मागेपुढे झुलतं ते. नांगरलेली होडी वर जाते, क्षणभर थांबते, खाली येते. त्या थांबण्यावर वळलात तर जोड दिसत नाही. तुमचा शॉट ७५ फ्रेमचा आहे आणि हव्यात ८८. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा आणि होडी सर्वांत वर असलेली फ्रेम शोधा. समजा ती ७०वी निघाली. पुढच्या पाच काढून टाका. मग ६९ ते ५२ या १८ फ्रेम उलट्या क्रमाने जोडा: ७० आणि १८ मिळून ८८. सत्तरावी फ्रेम पुन्हा घेऊ नका, नाहीतर वळणावर अडखळ येते. त्या ६९ ते ५२ मध्ये एखादा बगळा उडून जात असेल तर सगळं फुकट, म्हणून चौकटीचे कोपरेही तपासा.

चौकटीत फुटत्या लाटा असतील तर उलटं करण्यापेक्षा वेग ८५ टक्के करा. ७५ भागिले ८८ म्हणजे साधारण तेवढंच येतं. लाटेचा नेमका वेग बघणाऱ्याला ठाऊक नसतो, दिशा ठाऊक असते. इथे फ्रेम ब्लेंडिंग लावा. फेसाला धारदार कडा नसतात, त्यामुळे मिसळलेली फ्रेम खपते. ऑप्टिकल फ्लोने मात्र तोच फेस जेलीसारखा हलतो. काठावर माणसं चालत असतील तर हेही टिकणार नाही. तेव्हा कापण्याआधी मूळ फाइल जवळच्या अनुभवी संकलकाला दाखवा, व्हॉट्सॲपवरची नको.

आजीचा आशीर्वादाचा शॉट १० फ्रेम कमी आहे. शेवटची फ्रेम फ्रीज करू? (कणकवली)

पुढच्या शॉटमध्ये डिझॉल्व्ह होत असेल तरच. चित्र विरघळत असताना थांबलेलं कळत नाही. प्रीमिअर तर स्वतःच तसं करतं आणि "Insufficient media. This transition will contain repeated frames." असा इशारा देतं. तो न वाचता ओके दाबू नका. सरळ कटपाशी फ्रीज केलंत तर मांडवातल्या कमी उजेडात चित्रावरचे दाणे वळवळताना अचानक गोठतात आणि नजर तिथेच जाते. शिवाय शेवटच्या फ्रेमला आजीचे डोळे अर्धे मिटलेले असतील, तर ती फ्रेम सोडून दोन-चार मागची घ्या. आणि चित्रीकरण करणाऱ्याला आजच फोन करा. कार्ड पुसलं नसेल तर त्या १० फ्रेम त्याच्याकडे असण्याची शक्यता आहे. पुढच्या लग्नात ते कार्ड पुसलं जाईल.