समोरच्याची लकब आपल्यात का उतरते?

प्रश्न: मी ज्याच्याशी बोलतो त्याच्यासारखाच बसायला, बोलायला लागतो. मुद्दाम करत नाही. असं का होतं?

दुसऱ्याची हालचाल पाहिली की तीच हालचाल करण्याची मेंदूची तयारी आपोआप थोडी सुरू होते, म्हणून. त्यासाठी ठरवावं लागत नाही.

तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी 1999 साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका खोलीत दोन अनोळखी माणसं फोटो बघून त्यांबद्दल बोलतात. त्यातला एक संशोधकांचा माणूस असतो आणि तो सारखा चेहरा चोळतो. मग दुसरा जोडीदार येतो, तो पाय हलवतो. पहिल्यासोबत असताना लोकांचे हात जास्त वेळा चेहऱ्याकडे गेले, दुसऱ्यासोबत पाय जास्त हलले. नंतर विचारलं तर ती लकब जवळजवळ कुणाच्याच लक्षात आली नव्हती. याला त्यांनी सरड्याचं नाव दिलं. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात, दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करायची ज्यांना सवय होती, त्यांच्यात हे जास्त दिसलं. तुमच्या बाबतीत मला हेच जास्त शक्य वाटतं.

बोलण्याचंही तसंच. मी धुळ्यात मानसशास्त्र शिकवते. आमच्या घरी प्रमाण मराठी, पण शेजारपाजार सगळा अहिराणी. वर्गात ‘झालं का?’ म्हणणारी मी, शेजारच्या आजींशी बोलताना तिसऱ्या वाक्याला ‘व्हयनं का?’ म्हणते, तेही त्यांच्यासारखंच लांबवून. हॉवर्ड जाइल्स यांनी 1970 च्या दशकात या जवळ सरकण्याचा सिद्धान्त मांडला. त्यात उलटी बाजूही आहे. समोरच्यापासून वेगळं राहायचं असेल, तर माणूस आपलीच बोली अजून ठसठशीत करतो. जिल्ह्याबाहेरून आलेल्या साहेबाने अहिराणीला नाव ठेवलं की आमच्याकडचा माणूस आणखी ठणकावून अहिराणीत बोलतो, ते हेच.

एकदा मात्र मला याचा फटका बसला. पारोळ्याच्या स्टँडवर एका बाबांना गाडीची वेळ विचारली आणि दोन मिनिटांत माझा हेल त्यांच्यासारखा झाला. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “ताई, माले चिडावू नका.” त्यांना नक्कल वाटली. शाळेत, कचेरीत बोलीवरून हसू झालेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. मी माफी मागितली, माझं माहेरचं गाव सांगितलं, तेव्हा ते परत बोलायला लागले.

म्हणून तुम्ही एवढंच बघा: समोरचा मोकळा होतोय की आखडतोय? मोकळा होत असेल तर तुमचं बसणं-बोलणं तसंच राहू द्या. त्याने बोलणं अचानक तोडलं, तुमच्याकडे रोखून बघितलं, तर आपल्या नेहमीच्या बोलीवर या, आणि गरज वाटली तर सरळ सांगा की मला ही सवयच आहे.