टेबलाच्या फोटोतून सुरमईची एकच तुकडी मेनूकार्डासाठी वेगळी काढताना

प्रश्न: मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. मोबाइलवर काढलेल्या टेबलाच्या फोटोत सुरमई फ्राय फार छान आली आहे. मेनूकार्डासाठी मला फक्त तुकडी हवी आहे. ताटे, वाट्या, चमचे, टेबल सगळे काढून टाकायचे आहे. खोडरबराने पुसले की कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि तुकडी कागदावर चिकटवल्यासारखी वाटते. हे नीट कसे करावे?

उत्तर:

पहिली गोष्ट म्हणजे खोडरबर वापरू नका. ताट, चमचे आणि टेबल एकेक करून पुसत बसण्याचे कारणच नाही, कारण तुम्हाला ठरवायची आहे ती एकच रेषा, म्हणजे तुकडीची कड. ती एकदा बरोबर आखली की तिच्या बाहेरचे सारे एका आज्ञेत नाहीसे होते. ते पुसायचेही नसते, मास्कने झाकायचे असते, म्हणजे कुठे रेषा चुकली तर झाकलेला भाग परत उघडता येतो. खोडरबराने गेलेला भाग मात्र फाइल बंद केल्यावर कायमचा जातो. मी वेंगुर्ल्यात राहून आसपासच्या खानावळींची मेनूकार्डे करतो आणि हे काम गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये करतो, म्हणून आज्ञांची नावे त्यातली देत आहे.

काम सुरू करण्याआधी तुकडी फोटोत किती मोठी आहे ते मोजा. मोबाइलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो, पण पूर्ण टेबल घेतलेले असल्यामुळे त्यात तुकडीच्या वाट्याला ९०० पिक्सेलच येतात, असे समजू. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ७ सेंटिमीटर रुंद चित्राला सुमारे ८२७ पिक्सेल लागतात, म्हणजे ही तुकडी जेमतेम पुरते. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आला असेल आणि वाटेत लहान होऊन १६०० पिक्सेलचा झाला असेल, तर तुकडीला ३६० पिक्सेल उरतात आणि ती ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी छापता येत नाही. म्हणून ज्या मोबाइलवर फोटो काढला त्यातूनच मूळ फाइल घ्या, किंवा ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

दुसरा निर्णय पदार्थाच्या जातीचा आहे. तळलेली तुकडी, वडे, घावणे हे कोरडे पदार्थ ताटाशिवाय उभे राहू शकतात, कारण त्यांना स्वतःची कड असते. सुरमईचे तिखले किंवा सोलकढी यांना स्वतःची कड नसते. त्यांचा आकार म्हणजे वाटीचा आकार. वाटी काढली तर मेनूवर लाल रंगाचा गोळा उरतो. असे पदार्थ नेहमी वाटीसकट कापावेत. वाटी स्टीलची असेल तर तिच्या अंगात टेबलावरच्या प्लास्टिकचा लाल किंवा निळा रंग उतरलेला दिसतो, आणि टेबल गेल्यावर तो रंग कुठून आला हे पाहणाऱ्याला कळत नाही. स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे तेवढ्याच भागाचे सॅच्युरेशन खाली आणले की वाटी स्वच्छ दिसू लागते.

आता तुमच्या तुकडीकडे येतो. असे समजू की ती केळीच्या पानावर आहे, डावीकडच्या खिडकीतून उजेड येतो आहे, एक कांद्याची चकती तिला टेकलेली आहे आणि चमच्याचा दांडा उजव्या टोकावर आला आहे. पाथ हे साधन घ्या (कळ B), फोटो दुप्पट मोठा करून पाहा आणि कडेवर बिंदू देत जा. वळणावर बिंदू दिल्यावर माउस न सोडता ओढला की रेषा वळते. सरळ भागात बिंदू लांब आणि वळणावर जवळ ठेवावेत. फार बिंदू दिले की कड थरथरलेली दिसते. रेषा दिसणाऱ्या कडेच्या किंचित आतून न्यावी, म्हणजे पानाचा हिरवा काठ बरोबर येत नाही. शेवटी Ctrl दाबून पहिल्या बिंदूवर क्लिक केले की आकार बंद होतो आणि Enter दाबले की निवड तयार होते. आता `Select` मधून `Shrink` २ पिक्सेल आणि `Feather` २ पिक्सेल करा, मग लेअरवर `Add Layer Mask` निवडून त्यात `Selection` ठेवा. टेबल, ताट, वाट्या एकदम नाहीशा होतील.

सुरमईच्या बाबतीत एक जागा हमखास राहून जाते. पोटाकडच्या तुकडीला मधे पोकळी असते, तळताना पोटाच्या दोन्ही पाकळ्या जवळ येतात आणि त्यांच्या फटीतून पान दिसत राहते. बाहेरची कड कितीही सुबक कापली तरी त्या फटीतला हिरवा तुकडा पाहणाऱ्याला लगेच खुपतो. त्या पोकळीभोवती वेगळा पाथ काढून निवड करा आणि मास्कवर तेवढ्या भागात काळा रंग भरा आणि मग निवड काढून टाका, नाहीतर पुढे ब्रश निवडीबाहेर चालत नाही. मास्कवर काळा म्हणजे झाकलेले आणि पांढरा म्हणजे उघडे. रंग भरण्यापूर्वी लेअरच्या यादीत चित्राचा छोटा चौकोन निवडलेला आहे की मास्कचा, हे दर वेळी पाहावे. चित्र निवडलेले असेल तर काळा रंग थेट माशावर बसतो.

यानंतर तुकडी नीट कापलेली, पण पुठ्ठ्यातून कातरल्यासारखी दिसेल. याचे कारण रवा आहे. पाथची रेषा गुळगुळीत असते आणि रव्याचे आवरण तसे कधीच नसते. ९०० पिक्सेलच्या तुकडीत रव्याचा एक दाणा साधारण चार-पाच पिक्सेलचा येतो, म्हणून तेवढ्याच जाडीचा कडक ब्रश घेऊन मास्कवर कडेच्या काही जागी पांढरा ठिपका देऊन बाहेर आलेला दाणा परत उघडा, आणि जिथे मूळ फोटोत खाच आहे तिथे काळा ठिपका द्या. हे काम सगळ्या परिघावर करण्याची गरज नसते. उजेडाकडच्या बाजूला दाणे स्पष्ट दिसतात, तिथे मन लावून करावे. सावलीच्या बाजूला थोडे केले तरी चालते. माझ्या मते तुकडी खरी वाटते की चिकटवलेली, याचा अर्धा निकाल इथेच लागतो, आणि घाईत हीच पायरी गाळली जाते.

पानाचा हिरवा रंग दोन प्रकारे मागे राहतो. एक म्हणजे कडेवरची बारीक हिरवी रेघ. त्यासाठी तुकडीखाली एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा लेअर ठेवून कड फिरून पाहा. एका पार्श्वभूमीवर लपलेली रेघ दुसरीवर उघडी पडते. जिथे ती दिसेल तिथे मास्कला हात न लावता, चित्रावरच क्लोन साधनाने आठ-दहा पिक्सेल आतले आवरण उचलून कडेवर ओढावे. दुसरा प्रकार कमी लक्षात येतो. पानावर पडलेला उजेड परतून तुकडीच्या खालच्या अंगावर हिरवट झाक टाकतो आणि तिथले तिखट-हळदीचे आवरण मातकट दिसते. पान असताना डोळा हे सहज स्वीकारतो, पान गेल्यावर तुकडी शिळी वाटू लागते. वर एक नवा लेअर घेऊन त्याचा मोड `HSL Color` ठेवा, मास्कवर `Mask to Selection` करून त्याच निवडीचा मास्क या लेअरलाही लावा, आणि तुकडीच्या उजेडातल्या भागातून उचललेला तांबूस रंग फिक्या ब्रशने खालच्या अंगावर लावा. मोडमुळे फक्त रंग बदलतो, रव्याचा पोत तसाच राहतो.

कांद्याच्या चकतीबाबत माझा सल्ला असा की ती तुकडीला टेकलेली असेल तर तिलाही पाथमध्ये घ्यावे. जिथे दोन पदार्थ एकमेकांवर बसलेले असतात तिथली सावली खरी असते आणि ती हाताने रंगवणे कठीण असते. चमच्याचा दांडा मात्र काढावाच लागेल, आणि तो गेल्यावर त्याखालचे आवरण भरावे लागेल. क्लोन साधनाने तुकडीच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवरून थोडे थोडे उचलून भरावे. एकाच जागेवरून उचलले तर दाण्यांची तीच नक्षी दोनदा दिसते आणि डोळा ती चटकन पकडतो. दांड्याने बोटभर भाग झाकला असेल तर हे ठीक आहे. सोलकढीच्या ग्लासाने तुकडीचा चौथा हिस्सा झाकला असेल तर तो भाग कल्पनेने रंगवू नये, नवी तुकडी तळून पुन्हा फोटो काढावा. मेनूवर जे दिसते तेच ताटात यावे, अशी ग्राहकाची अपेक्षा रास्त आहे.

राहिली सावली. तुमची तुकडी चिकटवल्यासारखी वाटण्याचे मुख्य कारण हेच आहे की ताटाबरोबर तिची सावलीही गेली. पांढऱ्या सपाट ताटावरची सावली कधी कधी ठेवता येते, पण पानावरच्या सावलीत पानाच्या शिरा आणि हिरवा रंग असतो, म्हणून ती नव्याने करावी. तुकडीच्या मास्कवरून निवड घ्या, तुकडीखाली एक रिकामा लेअर करून त्याचा मोड `Normal` ठेवा आणि त्यात गडद तपकिरी रंग भरा; शुद्ध काळा रंग छापल्यावर डागासारखा दिसतो. निवड काढून टाका, `Gaussian Blur` सुमारे ६ द्या, लेअर उजेडाच्या विरुद्ध, म्हणजे इथे उजवीकडे व किंचित खाली, चार-पाच पिक्सेल सरकवा आणि अपारदर्शकता ६० टक्के ठेवा. ही टेकलेल्या जागेची सावली झाली. त्याच लेअरची प्रत घेऊन ती आणखी ३० ने धूसर करा, पंधरा पिक्सेल सरकवा आणि २५ टक्क्यांवर आणा. तळताना तुकडीचे टोक वर वळले असेल तर तिथे जवळची गडद सावली मऊ खोडरबराने काढावी आणि फक्त दूरची ठेवावी, कारण तिथे तुकडी टेकलेलीच नाही.

मेनूकार्डाच्या एकाच पानावर बांगडा, पापलेट आणि सुरमई शेजारी ठेवणार असाल तर तिन्ही फोटो एकाच उंचीवरून आणि एकाच बाजूच्या उजेडात घेतलेले हवेत. बसल्या जागेवरून तिरका काढलेला फोटो आणि थेट वरून काढलेला फोटो शेजारी आले की त्यांतला एक मासा पानावर आडवा आणि दुसरा उभा असल्यासारखा दिसतो, आणि हा दोष कापण्याच्या कौशल्याने जात नाही.

शेवटी गिंपची मूळ फाइल लेअरसकट जपून ठेवा आणि मांडणी करणाऱ्याला `PNG` द्या, कारण `JPEG` मध्ये पारदर्शकता टिकत नाही आणि तुकडीभोवती पांढरा चौकोन येतो. पार्श्वभूमीचा तपासणीसाठी ठेवलेला लेअर बंद करून मगच निर्यात करा. चित्र छापखान्यात ताणून मोठे केले जाऊ नये म्हणून ते किती सेंटिमीटर रुंद छापायचे हे सोबत लिहून द्या, आणि पूर्ण गठ्ठा छापण्याआधी एक नमुना प्रत मागून घ्या, कारण पडद्यावरचा तिखटाचा झगझगीत लाल रंग शाईत थोडा उतरतोच.