कर्माला ‘ला’ कधी लागतो, सुरुवातीला एवढंच बघ

अरे, सजीव असेल तर ‘ला’ आणि निर्जीव असेल तर नाही, हा नियम अर्धाच आहे. आंब्याचा सीझन धर. ‘आंबे काढायला गडी शोधतोय’ म्हणजे कोणीही गडी चालेल, पण ‘गड्याला शोधतोय’ म्हटलं की एक ठराविक माणूस डोक्यात आहे. म्हणजे माणूस असूनही ‘ला’ गळतो. नाव किंवा ‘तू’, ‘मी’ असेल तर मात्र सुटका नाही, ‘तुला बघितलं’ असंच म्हणायचं. उलट ‘तो नारळ फोड’मध्ये नारळ अगदी ठरलेला आहे तरी ‘नारळाला’ कोणी म्हणत नाही. मराठीत निर्जीव वस्तूला नुसतं ठराविक असणं सहसा पुरत नाही.

खरी मजा जनावरांत आहे, तिथे दोन्ही चालतं आणि क्रियापद पण बदलतं:

- त्याने गाय बांधली.
- त्याने गाईला बांधलं.

अशा ‘त्याने’वाल्या भूतकाळी वाक्यात ‘ला’ आला की प्रमाण मराठीत क्रियापद कर्माशी जुळणं सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जातं. फक्त तपासताना वासरू घेऊ नकोस, ते मुळातच नपुंसकलिंगी, दोन्हीकडे ‘बांधलं’च येणार आणि फरक दिसणारच नाही.

नवीन लोक हमखास चुकतात ते प्रत्येक ‘ला’ कर्माचाच धरून मोजण्यात, ‘गाईला पाणी दिलं’मध्ये कर्म पाणी आहे आणि ‘रत्नागिरीला गेलो’मध्ये तर कर्मच नाही, ही वाक्यं आधी बाजूला काढ. दोन कर्मांची वाक्यं नंतर बघू.